‘तिकडं कोन पायते?’

गावोगावच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: “जर्मनीला जायचं आहे? बायोडाट्याचा मोबाईलवर फोटो काढा, अ‍ॅपमध्ये टाका, दोन मिनिटांत जर्मन बायोडाटा तयार. आयटीआय, डिप्लोमा, विद्युत सहायक असलं काही तसंच ठेवू नका, तिकडचं जवळचं नाव टाका. तिकडं कोन पायते?”

पाहतात. शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्याच्याच भरवशावर उभं आहे. महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीचं बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य यांच्यात 2024 साली करार झाला, तेव्हापासून दारव्हा-दिग्रसकडच्या आयटीआयवाल्या पोरांच्या घरीही जर्मनीचा विषय निघतो. इलेक्ट्रिशियनसारख्या कामासाठी तिथे आपलं शिक्षण त्यांच्या शिक्षणाशी जुळतं का, याची रीतसर तपासणी होते. औद्योगिक क्षेत्रातल्या बहुतेक कामांसाठी न्युर्नबर्गचं आयएचके फोसा हे कार्यालय ती करतं. तिथे बायोडाट्यासोबत प्रमाणपत्रं जातात आणि त्यांचं भाषांतर सहसा शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घ्यावं लागतं. तो भाषांतरकार कागदावर आहे तेच लिहितो. बायोडाट्यात एक नाव आणि प्रमाणपत्रावर दुसरं, हे टेबलावर कागद शेजारी-शेजारी ठेवले की दिसतंच.

आता ‘जवळचं नाव’. दारव्हा तालुक्यातलं एक पोरगं धरा. दोन वर्षांचा आयटीआय इलेक्ट्रिशियन, मग महावितरणमध्ये विद्युत सहायक, पुढे तंत्रज्ञ. ‘सहायक’ म्हणून अ‍ॅप ‘असिस्टंट’ देतं. जर्मनीत मात्र ‘एलेक्ट्रोटेक्निशर असिस्टंट’ ही शाळेत शिकून मिळवायची एक वेगळी, सरकारमान्य पात्रता आहे. वाचणारा एकतर ती शोधत बसतो, नाहीतर पोरगं कोणाच्या हाताखाली सामान उचलायचं असं समजतो. लाईनमनला आपल्याकडे ‘जनमित्र’ही म्हणतात. त्याचं शब्दशः जर्मन केलं तर खांबावर चढणारा माणूस थेट समाजसेवक होऊन बसतो!

आणि आयटीआयच्या जागी तिथल्या इलेक्ट्रिशियनचं ‘एलेक्ट्रोनिकर’ हे नाव लिहिलं तर? ते शिक्षण साडेतीन वर्षांचं, कारखान्यात काम करत करत घ्यायचं. आपलं दोन वर्षांचं. हा फरक लपत नाही, पण भरून निघू शकतो. तपासणीत कामाचा अनुभवही धरतात, आणि शिक्षणातली काही कमतरता त्या अनुभवातून भरून काढता येते. म्हणजे या पोराची खरी कमाई पदाच्या नावात नाही, त्याखालच्या दोन ओळींत आहे. म्हणून पद जसंच्या तसं रोमन लिपीत लिहायचं, Vidyut Sahayak, आणि खाली साध्या जर्मनमध्ये काम सांगायचं: 11 केव्ही लाईनची देखभाल, ट्रान्सफॉर्मरवरचे फ्यूज बदलणं, बिघाड शोधणं, मीटर बसवणं, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत. जे खरंच केलं तेवढंच. कंपनीच्या अनुभव प्रमाणपत्रात ही कामं नसतील, तर साहेबांकडून तसं तपशीलवार पत्र आधी घ्यावं.

डिप्लोमावाल्यांनी तर जास्तच जपावं. आपला पॉलिटेक्निकचा डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा. जर्मन ‘डिप्लोम’ ही विद्यापीठाची पदवी. एक काना गळला आणि पोरगं कागदावर पदवीधर झालं. तिथला नियम असा की परदेशी पदवी मूळ नावानेच लिहायची, हवं तर शब्दशः अर्थ जोडायचा, पण तिचं जर्मन पदवीत रूपांतर करायचं नाही. नसलेली शैक्षणिक पदवी लावून मिरवणं हा तर तिथल्या दंडसंहितेच्या कलम 132अ खाली गुन्हा आहे. अ‍ॅपने केलं, हे उत्तर तिथे कितपत चालेल ते तुम्हीच ठरवा. Diploma in Electrical Engineering असंच ठेवावं आणि पुढे ‘दहावीनंतर तीन वर्षं, तांत्रिक शिक्षण मंडळ’ एवढं जोडावं.

फोटोचं म्हणाल तर अ‍ॅप वापरायला हरकत नाही, कच्चा मसुदा मिळतो. पण आपल्या बायोडाट्यात शिक्षणाचा तक्ता असतो आणि फोटो जरा तिरपा आला की ओळी सरकतात. दहावीचं वर्ष आयटीआयसमोर जाऊन बसतं. गोल शिक्का तारखेवर आला असेल तर 3 चा 8 होतो, मग अनुभवाची पाच वर्षं कमी किंवा जास्त. हे पकडायची युक्ती सोपी आहे: वर्षं वरून खाली नुसती वाचत जा. दहावीच्या आधी आयटीआय संपला किंवा दोन नोकऱ्या एकाच काळात दिसल्या, की अ‍ॅपने घोळ घातला म्हणून समजा. मग तेवढ्या ओळी मूळ मार्कशीट आणि नेमणूकपत्र समोर ठेवून हाताने टाईप करायच्या. नावाचं स्पेलिंग मात्र मार्कशीटवरून नाही, पासपोर्टवरून घ्यायचं.