टूरचे सातशे चाळीस

आमच्या सोसायटीत खजिनदार निवडून येत नाही, सापडतो. मागच्या वार्षिक सभेत मी चहा घ्यायला उठलो तेवढ्यात माझं नाव सुचवून, अनुमोदन देऊन, टाळ्याही वाजवून झाल्या होत्या. आधीच्या खजिनदारांनी दोन पिशव्या भरून फायली माझ्या हातात ठेवल्या आणि सुटका झालेल्या माणसाच्या चेहऱ्याने, लिफ्ट असताना, जिन्याने पळाले.

जुलैच्या सुरुवातीला ऑडिट निघालं आणि त्यासोबत तिसऱ्या मजल्यावरून एक पत्र आलं. लिहिणाऱ्या सभासदांनी गणपतीच्या खर्चाची फाइल बघायला मागितली होती. ती बघून त्यांनी विचारलं होतं की महाप्रसादाच्या किराणा बिलात ‘टूर’ या सदराखाली ७४० रुपये दिसतात, तरी सदर टूर कोठे काढण्यात आली व तीत कोण कोण सहभागी होते याचा खुलासा व्हावा. खाली ‘कपूर’ यांना दिलेल्या रकमेबद्दलही विचारणा होती. आमच्या इमारतीत कपूर कोणी नाही.

मी फाइल काढली. बिल दहा महिन्यांपूर्वीचं, म्हणजे गेल्या सप्टेंबरचं. पाण्याच्या बिलापेक्षा अरुंद, फिकट करडं, आणि जिथे अक्षरं असायला हवीत तिथे अक्षरांची नुसती आठवण. वरून, ते फाइलमधून उडून जाऊ नये म्हणून, कोणीतरी मधोमध उभी रुंद सेलोटेप मारलेली. तीही तिरकी. त्या पट्टीखालचं सगळं पांढरं शुभ्र.

या बिलांत शाई नसते, हे मला तोवर माहीत नव्हतं. कागदावरच एक थर दिलेला असतो. त्यात एक बिनरंगी रंगद्रव्य असतं आणि त्याला काळं करणारं दुसरं, आम्लासारखं वागणारं द्रव्य. यंत्राचं तापलेलं डोकं कागदाला टेकलं की तेवढ्या ठिपक्यापुरती दोघं वितळतात, एकमेकांना भेटतात आणि काळी पडतात. म्हणजे छपाई नाही, सोयरीकच. आणि ती सोयरीक ऊन, तेलकट बोटं, प्लॅस्टिकचं पाकीट यांच्यापायी हळूहळू मोडते. सेलोटेपचा गोंद तर घटस्फोटाचा वकीलच. जपून ठेवायला म्हणून लावावा आणि त्यानेच अक्षरं पुसावीत.

त्याच फाइलीत मंडपवाल्याच्या बिलाच्या जागी एक चकचकीत काळा आयत होता. आधीच्या खजिनदारांना फोन केला तेव्हा ते अभिमानाने म्हणाले, “अहो, ते मी लॅमिनेट करून घेतलंय, कायमचं टिकावं म्हणून.” लॅमिनेशनच्या यंत्रात उष्णता असते, आणि या कागदाला उष्णता दिली की तो सगळाच्या सगळा एकदम लग्न लावून मोकळा होतो. टिकलाय मात्र खरा. कायमचा.

ऑडिटर म्हणाले, “किराणा बिलाची वस्तूनिहाय स्वच्छ प्रत टाईप करून मूळ बिलासोबत लावा, म्हणजे पत्राचं उत्तरही होईल.” आठ-नऊ ओळींचं बिल. पंधरा मिनिटांचं काम, असं मी घरात जाहीर केलं. हे वाक्य बायकोने नंतर आठवडाभर, वेगवेगळ्या प्रसंगी, मला ऐकवलं.

कागद ५८ मिलिमीटर रुंद. तेवढ्यात एका ओळीत बत्तीस अक्षरं बसतात आणि त्या बत्तीस अक्षरांत दुकानदाराला वस्तूचं नाव, नग, दर आणि रक्कम असा चौघांचा संसार मांडायचा असतो. या बिलात नावाच्या वाट्याला बारा अक्षरं आली होती. त्यातून शेवटची बरीचशी पट्टीने खाल्लेली, आणि पट्टी वरच्या बाजूला डावीकडे झुकलेली, म्हणून वरच्या नावांचं नुसतं डोकं शिल्लक. टी, यू, आर. यावरून तिसऱ्या मजल्याने सहल काढली होती. तूरडाळ! कपूरचा उलगडाही लगेच झाला. इंग्रजीत कापूरचं स्पेलिंग तेच होतं.

पट्टीने नगांचा अख्खा रकानाही गिळला होता. उजवीकडचे दर आणि रकमा मात्र, उजेडात कागद तिरका धरला तर, पुसट का होईना दिसत होत्या. ओळ चुकू नये म्हणून मी नखाने ओळीखालून रेघ ओढत वाचायला लागलो. तिसऱ्या ओळीवर लक्षात आलं की नखाच्या घासण्यानेही हा कागद काळा होतो. मी ज्या ओळीवरून गेलो तिथे नवीन, ठसठशीत रेघा उमटत होत्या. एका रकमेच्या पुढे तर मी स्वतःच्या हाताने एक एकडा घातला होता आणि पाच मिनिटं तो वाचत बसलो होतो. नख बाजूला ठेवलं. मोबाइलने फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवला आणि पडद्यावर वाचायला सुरुवात केली.

आता मी जे केलं ते कोणीही केलं असतं. डावीकडची नावं वरून खाली एकदा लिहून काढली, मग उजवीकडच्या रकमा वरून खाली लिहून काढल्या. तूर, तांदूळ, रवा, ‘अगर’, ‘गरा’, तूप, साखर, कापूर, सुपारी. समोर ७४०, ७६०, २७०, १३०, १५७५, ३६८, १२०, १८०. समोरासमोर लावलं तेव्हा ‘गरा’ १५७५ रुपयांचा झाला आणि तूप ३६८ला मिळालं.

मी थोडा वेळ या गऱ्याकडे बघत बसलो. सप्टेंबरात फणस कुठला? आणि असलाच तरी दीड हजाराचा गरा समितीने कोणाला खाऊ घातला? तिसऱ्या मजल्याला हे कळलं असतं तर आमची सहकार खात्यापर्यंत वरात निघाली असती.

बेरीज केली. माझी आली ४१४३. बिलाच्या तळाशी, दुप्पट उंचीच्या ठळक आकड्यांत, अगदी स्पष्ट, ४३२३. फरक १८०.

दुसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत. अशी चूक म्हटली की त्यांच्या डोळ्यांत जी चमक येते ती नातवाच्या बारशालाही आली नव्हती. त्यांनी चष्मा चढवला. “फरकाएवढीच रक्कम बिलात कुठे आहे का बघ. असली तर ती ओळ सुटलीय.” होती की! कापूर, १८०. मला हायसं वाटलं. पण कापराचे १८० मी बेरजेत घेतले होते. काका अजिबात नाराज झाले नाहीत. उलट खुर्ची पुढे ओढली.

“आता नऊने भाग जातो का बघ.”

एकशे ऐंशी भागिले नऊ, वीस. जातो.

“मग आकडे उलटेपालटे झालेत. शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले की फरक नेहमी नऊच्या पाढ्यातला येतो. वीस आले म्हणजे अदलाबदल दहम आणि शतम स्थानची, आणि त्या दोन आकड्यांत दोनाचा फरक. तुझी बेरीज कमी आलीय, म्हणजे मोठा आकडा आधी हवा होता.”

मी यादीवरून बोट फिरवलं. नख नाही, बोट. १५७५. पाच आणि सात, फरक दोन. फोटो मोठा करून बघितला तर १७५५. बेरीज चोख ४३२३. काका म्हणाले, “बघ, चव्वेचाळीस वर्षं उगाच नाही घालवली.” मी त्यांना बिस्किटं आणून दिली.

तुपासमोरच्या रकमेबद्दल मात्र मला अजून धाकधूक होती. पहिला आकडा तीन की आठ, ते कळत नव्हतं. या ठिपक्यांच्या अक्षरांत आठाची डावी बाजू उडाली की त्याचा तीन होतो. पण दर स्पष्ट होता, ४६. काकांनी भाग दिला. ८६८ला ४६ने भागलं तर अठरा पूर्णांक काहीतरी, आणि पाकिटं तर पूर्ण असणार. ३६८ला भागलं तर बरोबर आठ. एका भागाकारात रक्कमही कळली आणि पट्टीखाली पुसलेले नगही. मग त्याच वाटेने आम्ही सगळे नग परत मिळवले. डाळ पाच, तांदूळ दहा, रवा सहा. हे करताना काका इतके रमले की काकूंचे दोन फोन त्यांनी घेतले नाहीत.

बेरीज जुळली, गुणाकार जुळले. तरीही गरा १७५५ चाच होता. तीन नग, दर ५८५.

माझी समजूत होती की बेरीज जुळली म्हणजे यादी बरोबर. पण रकमा कोणाच्याही समोर बसवा, बेरजेला त्याचं सोयरसुतक नसतं. नग, दर आणि रक्कम तिघं एकाच दोरीला बांधलेले, म्हणून तिघंही एकत्रच एक घर वर सरकतात आणि आपापसात खुशाल जुळतात. आकड्याची चूक गणित पकडतं. कोणाची रक्कम कोणाच्या गळ्यात पडली, ते गणित पकडत नाही.

ते सुपारीने पकडलं. कारण तिच्यासमोर काहीच उरलं नव्हतं. नावं नऊ, रकमा आठ. बिलाच्या तळाशी, एकूणच्या जरा वर, बारीक अक्षरांत वस्तू आठ, नग सदतीस असं छापलेलं होतं. ते मी इतका वेळ बघितलंच नव्हतं. नग मोजले, सदतीस भरले. म्हणजे नावांतलं एक जास्तीचं होतं.

“काका, एक नाव खोटं आहे.”

“कपूर?” काका अजून तिथेच होते.

बायको भाजी निवडत हे ऐकत होती. महाप्रसादाची खरेदी तिनेच दोघींबरोबर केली होती, हे मला त्या क्षणी आठवलं. आठवडाभर आधी आठवायला हरकत नव्हती. तिने मान वाकडी करून पडद्याकडे बघितलं. “अगरबत्ती मोगरा,” ती म्हणाली. “नाव लांब आहे, म्हणून खालच्या ओळीत गेलंय. ‘मो’ वर राहिला असेल, ‘गरा’ खाली आला.”

बारा अक्षरं. अगरबत्तीची इंग्रजीत नऊ, एक मोकळी जागा, मग एम आणि ओ. बारा भरली. उरलेला ‘गरा’ यंत्राने खाली ढकलला, आणि त्याच्यासमोर रक्कम नव्हतीच, नुसती रिकामी जागा होती. पण मी नावं वेगळी आणि रकमा वेगळ्या लिहिल्या, त्यामुळे ती रिकामी जागा माझ्या वहीत आलीच नाही. ‘गरा’ खोडला तशी खालची सगळी नावं एकेक घर वर सरकली. तूप १७५५ला गेलं, साखर ३६८ला, कपूर १२० रुपयांत गप्प झाले.

“मला विचारलं असतंस तर?” बायको म्हणाली. मी उत्तर दिलं नाही. काकांनीही, बिस्किट तोंडात असल्याचा फायदा घेऊन, दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रत टाईप करून, नग, दर, रक्कम अशी ओळीने मांडून ऑडिटरांकडे नेली. त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायची तसदी घेतली नाही. थेट तळाशी गेले, मूळ बिलातल्या ठळक ४३२३वर पेन्सिल टेकवली, माझ्या ४३२३वर टेकवली आणि बरोबरची खूण केली.

“बाकीचं वाचत नाही का?” मी विचारलं.

“एकूण जुळतंय ना.” मग मूळ बिल हातात घेऊन त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. “हे सुटं आहे, हरवेल,” असं म्हणून त्यांनी ड्रॉवर उघडला आणि सेलोटेप बाहेर काढली.