सहा टक्के युरोपियन आणि कोकणचा किनारा

“अमेरिकेतल्या चुलतभावाने डीएनए टेस्ट केली. ६ टक्के युरोपियन आणि २ टक्के मध्यपूर्व आलं. म्हणजे आपले पूर्वज समुद्रावरून कोकणात आले हे आता विज्ञानानेच सिद्ध केलं. डीएनए खोटं बोलत नाही! वर्षभराने अपडेटच्या नावाखाली कंपनीने आपलं युरोपियन गुपचूप काढून टाकलं. का, ते ओळखा. सगळ्या ग्रुपवर पाठवा.”

असा निरोप ग्रुपवर फिरतोय. आधी त्यातल्या आकड्यांबद्दल. लाळेच्या नळीतून प्रयोगशाळेला एक लांबलचक यादी मिळते: साधारण सहा-सात लाख ठरावीक जागांवर तुमच्याकडे डीएनएचं कोणतं अक्षर आहे त्याची. त्या यादीत युरोप, अरबस्तान किंवा कोकण असं काही लिहिलेलं नसतं. टक्के त्यानंतर काढले जातात आणि त्यासाठी आणखी काही हजार माणसांच्या याद्या लागतात. या माणसांना आधीच गटांत बसवलेलं असतं: हे ब्रिटिश, हे इटालियन, हे गुजराती. यालाच संदर्भ पॅनेल म्हणतात. प्रोग्राम तुमची यादी या गटांशी ताडतो आणि कोणत्या गटाचा किती वाटा घेतला तर तुमच्याजवळ जाणारं मिश्रण तयार होईल हे शोधतो. तुमचा जवळचा गटच पॅनेलमध्ये नसेल, तर जे गट आहेत त्यांच्यातूनच तो तुम्हाला उभं करतो.

हे आकड्यांत बघू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. एका जागी एक विशिष्ट अक्षर युरोपियन पॅनेलमध्ये ८० टक्के आढळतं, दक्षिण भारतीय पॅनेलमध्ये ३० टक्के आणि कोकणातल्या एका समाजात ४० टक्के. प्रोग्रामकडे पहिले दोनच गट आहेत. ४० कसे आणायचे? ८० चा पाचवा हिस्सा १६, ३० चे चार पंचमांश २४, बेरीज ४०. उत्तर आलं: २० टक्के युरोपियन. आता दक्षिण भारतीय पॅनेल काढून त्या जागी गुजराती पॅनेल ठेवा आणि त्यात ते अक्षर ३८ टक्के आहे असं धरा. आता ५ टक्के युरोपियन घेतलं की काम भागतं. आणि पॅनेलमध्ये त्याच कोकणी समाजाची शंभरेक माणसं घातली तर युरोपियन वाटा शून्यावर येतो. तिन्ही वेळा माणूस तोच, त्याची लाळ तीच, पूर्वजही तेच.

खरे प्रोग्राम हे लाखो जागांवर एकदम करतात, त्यामुळे एखाद्या जागेची चूक सरासरीत बुडून जाते हे खरं आहे. पण पॅनेलमधली पोकळी तशी बुडत नाही. ती बहुतेक जागांवर उत्तराला एकाच दिशेने ओढत राहते. लाखो जागा तपासल्या म्हणून हा कल जात नाही, उलट आकडा अधिक ठाम दिसायला लागतो.

आपल्याकडे ही पोकळी लहान नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या १००० जीनोम प्रकल्पात दक्षिण आशियाचे पाच गट आहेत: ह्यूस्टनमधले गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि ब्रिटनमधलेच श्रीलंकन तमिळ. मराठी गट नाही. त्याआधीचा एक मोठा सार्वजनिक संच आहे, मानवी जीनोम विविधता प्रकल्पाचा. त्यातले दक्षिण आशियाई गट सगळे पाकिस्तानातले आहेत: बलोच, ब्राहुई, सिंधी, पठाण, कलाश वगैरे. कंपन्या यात स्वतःच्या ग्राहकांची भर घालतात. त्यासाठी आजी-आजोबा चौघंही एकाच प्रदेशातले आहेत असं सांगणारे ग्राहक निवडतात. म्हणजे परदेशात ज्यांची वस्ती मोठी आणि टेस्ट करायची हौसही मोठी, ते पॅनेलमध्ये जास्त. ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीने गुजराती पाटीदारांसाठी स्वतंत्र गट केला, तो उगाच नव्हे. नमुने भरपूर आणि पिढ्यान्‌पिढ्या लग्नं आपसात, त्यामुळे तो गट सहज वेगळा ओळखू येतो.

तरीही एक रास्त प्रश्न उरतो. पोकळी भरायला प्रोग्रामने युरोपच का निवडला, चीन का नाही?

कारण तिकडे खरंच नातं आहे, फक्त ते फार जुनं आहे आणि कोकणापुरतं नाही. भारतातले जवळपास सगळे समाज कमीअधिक प्रमाणात दोन प्राचीन गटांच्या मिश्रणातून आले आहेत हे २००९ साली राइख, थंगराज, लालजी सिंग हे जनुकशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यातले लालजी सिंग आणि थंगराज हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेचे. २०१३ च्या पुढच्या अभ्यासात हे मिश्रण साधारण १९०० ते ४२०० वर्षांपूर्वीचं निघालं. २०१९ साली प्राचीन सांगाड्यांचा डीएनए तपासून झालेल्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली: युरेशियाच्या गवताळ मैदानातल्या पशुपालकांचा वंश एकीकडे युरोपात पसरला, दुसरीकडे इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात दक्षिण आशियात आला. आजच्या युरोपियन माणसात आणि आजच्या भारतीयात तो समान धागा आहे. पॅनेलमध्ये ते प्राचीन पशुपालक नाहीत, आजचे युरोपियन आहेत. त्यामुळे त्या धाग्याचा जो भाग भारतीय गटांत मावला नाही, त्यावर ‘युरोपियन’ अशी चिठ्ठी लागते. हा चुलतभाऊ देशावरचा किंवा पंजाबातला असता तरी असंच काही निघू शकलं असतं.

सहा टक्के म्हणजे सोळावा हिस्सा, म्हणून एक खापरपणजोबा गोरा असणार, असा हिशेब याच निरोपाच्या खाली कुणी ना कुणी मांडतंच. तो तपासता येतो. पूर्वज जितका जवळचा, तितके त्याच्याकडून आलेले डीएनएचे तुकडे लांब, कारण दर पिढीत तुकडे आणखी चिरले जातात. ही लांबी सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात, आणि ढोबळ मानाने शंभराला पिढ्यांनी भागलं की सरासरी तुकडा कळतो. चार पिढ्यांपूर्वीचा खापरपणजोबा असेल तर पंचवीसच्या आसपासचे, ठसठशीत, मोजके तुकडे दिसायला हवेत. शंभर पिढ्यांपूर्वीचं मिश्रण असेल तर एकेक सेंटिमॉर्गनचा चुरा सगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेला असतो. ज्या कंपन्या गुणसूत्रांचं रंगीत चित्र देतात, तिथे हे डोळ्यांनी बघता येतं. गोव्यातल्या एखाद्या घरात खरोखर पोर्तुगीज पणजोबा असेल तर तो या चित्रात लपणार नाही.

त्याहून सोपी कसोटी घरातच आहे. चुलतभावाच्या आईवडिलांची टेस्ट करा. दोघांकडेही जे नाही ते मुलाकडे येऊ शकत नाही. तसं आलं असेल तर तो प्रोग्रामचा गोंगाट. आणि नात्यात नसलेल्या त्याच समाजातल्या दहाबारा जणांना सगळ्यांनाच चार ते सात टक्के निघत असेल, तर तो कुणा एका पूर्वजाचा वाटा नाही. एका माणसाचा वारसा असा समान वाटला जात नाही, कुणाकडे भरपूर जातो आणि कुणाकडे शून्य. मध्यपूर्वेचे २ टक्के तर मी या कसोट्यांपर्यंत नेणारही नाही, इतका छोटा आकडा पुढच्या आवृत्तीत टिकला तरी पुष्कळ.

कंपनीने दडवल्याचा आरोप वरच्या उदाहरणातच निकालात निघतो, पण थोडं सांगायला हवं. पॅनेल बदललं की सगळ्या ग्राहकांचे टक्के पुन्हा काढले जातात. ॲन्सेस्ट्री कंपनीने २०१८ साली आपलं पॅनेल सुमारे ३००० नमुन्यांवरून १६००० वर नेलं, तेव्हा असंख्य लोकांच्या अहवालातले देश आले आणि गेले. त्यात भारतीयांविरुद्ध कट नव्हता, इतर मुळांच्या लोकांचेही टक्के बदलले होते. दक्षिण आशियाचे नमुने वाढले की भारतीय माणसाचं ‘युरोपियन’ घटणं हे अपेक्षितच आहे. चुलतभावाने आपली कच्ची फाइल, म्हणजे सुरुवातीची ती अक्षरांची यादी, अपडेटच्या आधी आणि नंतर उतरवून घेतली असती तर ती जवळजवळ अक्षरशः तीच दिसली असती. शिवाय काही अहवालांत विश्वासाची पातळी बदलता येते. ट्वेंटीथ्री अँड मीच्या अहवालात ती सुरुवातीला ५० टक्क्यांवर असते आणि ९० पर्यंत नेता येते. ती वर नेल्यावर जे किरकोळ देश ‘अनिश्चित’ रकान्यात जातात, त्यांच्या जोरावर इतिहास लिहू नये.

याच निरोपाची एक जुळी आवृत्तीही फिरते: कच्ची फाइल वंशाचे टक्के काढणाऱ्या फुकटच्या कॅल्क्युलेटरवर टाकली आणि ‘३५ टक्के बलोच’ निघालं. भारतीयांत लोकप्रिय असलेल्या हडप्पावर्ल्ड या कॅल्क्युलेटरमध्ये सोळा घटक आहेत आणि बहुतेक दक्षिण आशियाई माणसांत दोनच मोठे निघतात, ‘दक्षिण भारतीय’ आणि ‘बलोच’. हे घटक ॲडमिक्स्चर या प्रोग्रामने पाडलेले आहेत. किती घटक पाडायचे तो आकडा माणूस ठरवतो, आणि पडलेल्या घटकाला नावही माणूसच देतो, सहसा ज्या गटात तो सर्वाधिक दिसला त्याचं. बलुचिस्तानातून कुणी आलं असा त्याचा अर्थ होत नाही. २००२ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात जगाचे सहा घटक पाडल्यावर सहावा घटक निघाला तो पाकिस्तानातल्या डोंगरात राहणाऱ्या कलाश या छोट्या समाजाचा. कलाश ही मानवजातीची सहावी शाखा नव्हे. शतकानुशतकं मोजक्या लोकांत लग्नं झाली की अक्षरांचं प्रमाण इतकं सरकतं, की प्रोग्रामला तो गट स्वतंत्र मूळ वाटतो.

समुद्रावरून कोकणात आल्याचा दावा डीएनएने तपासता येत नाही असं मात्र नाही. कोकणातच त्याचं चांगलं उदाहरण आहे: बेने इस्राएली. रायगडच्या गावांतून तेलाचे घाणे चालवणारा, शनिवारी काम बंद ठेवणारा म्हणून शनवार तेली म्हणवला जाणारा ज्यू समाज. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधक टक्क्यांच्या पट्ट्यांवर थांबले नाहीत. सर्वसाधारण तुलनेत हा समाज भारतीय गटांच्या जवळच दिसत होता. मग त्यांनी बेने इस्राएलींचे लांब समान तुकडे इतर भारतीयांच्या मानाने ज्यू गटांशी जास्त जुळतात का ते पाहिलं, आणि तुकड्यांच्या चिरफाळीवरून मिश्रणाचा काळ काढला. तो साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा निघाला. शेजारचे भारतीय समाज तुलनेला होते म्हणूनच हा फरक दिसला. ग्रुपवरच्या निरोपात अशी तुलना कुठेच नाही.

टेस्ट करायचीच असेल तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची आधी करा आणि कच्ची फाइल जपून ठेवा. टक्क्यांपेक्षा कंपनी देते ती, डीएनए जुळणाऱ्या नातेवाइकांची यादी पॅनेलवर खूपच कमी अवलंबून असते, त्यामुळे ती अधिक कामाची. पण तिथेही जातीतल्या जातीत लग्नांचा परिणाम होतोच: लहान समाजात दोन माणसं अनेक बाजूंनी दूरची नातेवाईक असतात, ते सगळे तुकडे एकत्र मोजले जातात आणि सहाव्या-सातव्या पिढीचं नातं अहवालात तिसऱ्या-चौथ्या पिढीचं दिसतं. अशा वेळी एकूण बेरीज सोडा आणि सर्वांत लांब तुकडा किती आहे ते बघा.