आभाराच्या पत्रात आभार किती असावेत?

"मावशी, काल रिक्रूटरशी २५ मिनिटं फोन झाला. आता तिला थँक्यूचा मेल टाकायचा का? बाबा म्हणतात, हा लाळघोटेपणा आहे. आणि टाकलाच, तर त्यात लिहू काय?"

चाकणमधल्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करणाऱ्या माझ्या भाच्याचा हा निरोप. मी न्यू जर्सीत चौदा वर्षे राहते आहे, त्यामुळे असे प्रश्न हक्काने माझ्याकडे येतात. मेल टाकावा असे माझे मत आहे. मात्र त्यामागचे कारण त्याच्या वडिलांना वाटते तसे नाही, आणि इथल्या करिअर सल्लागारांच्या तोंडी असते तसेही नाही.

"आभार मानून परके करू नका" हे वाक्य ऐकत आपण वाढलो. घरच्या माणसाला धन्यवाद म्हणणे आपल्याला कृत्रिम वाटते, आणि ज्याच्याकडून काही मिळवायचे आहे त्याला म्हटले तर तो मस्का वाटतो. इथे नेमके उलटे आहे. फोन झाल्यापासून २४ तासांत आभाराचा मेल जायला हवा, असे महाविद्यालयातच शिकवतात. परिणामी "तुमच्याशी बोलून आनंद झाला, या संधीबद्दल मी अत्यंत उत्सुक आहे" अशी एकाच साच्यातली पत्रे रिक्रूटरकडे ढिगाने येतात. माझ्या मेव्हण्यांचा संशय अशा पत्रांच्या बाबतीत पूर्ण खरा आहे. ते पुढे असेही म्हणाले, की रिक्रूटरला कमिशन मिळते, मग आभार कसले मानायचे? हे मात्र अर्धेच खरे. बाहेरच्या एजन्सीला उमेदवार रुजू झाल्यावर कंपनीकडून शुल्क मिळते. भाच्याशी बोललेली बाई कंपनीच्या स्वतःच्या मनुष्यबळ विभागातली, पगारी आहे.

आमच्या महाराष्ट्र मंडळातली एक मैत्रीण बरीच वर्षे रिक्रूटर आहे. ती सांगते, की फोन ठेवल्यावर ती उमेदवाराबद्दल पाच-सहा ओळी लिहून त्या विभागप्रमुखाकडे पाठवते. दिवसाला आठ फोन झाले, की तिसऱ्या आणि पाचव्या उमेदवाराची सरमिसळ होऊ लागते. अशा वेळी मेलमध्ये नेमका मुद्दा असेल, तर ती तो उचलून आपल्या टिपणात घालते. नुसते आभार असतील, तर वाचून पुढे जाते. "पत्रामुळे नापास उमेदवार पास होत नाही," हेही तिने लगेच बजावले. म्हणूनच मी या पत्राला बोलण्याचे लेखी टिपण समजते, ज्याची पहिली ओळ आभाराची असते.

दुबईतल्या आमच्या एका स्नेह्यांनी याच विषयावर स्वतःची कहाणी ऐकवली: त्यांनी सुंदर हस्ताक्षरात कार्ड लिहून टपालाने पाठवले, आणि ते पोहोचेपर्यंत जागा भरली गेली होती. त्यांचे कार्ड अंतिम मुलाखतीनंतरचे होते, त्यामुळे आमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध थोडाच. तरी उशिराचा धोका त्यातून कळतो.

भाच्याला मी आधी विचारले, की फोनवर ठरले काय काय. त्याने फोन चालू असताना वहीच्या मागच्या पानावर खरडलेले चार शब्द वाचून दाखवले: रबरी सील, ऑडिट, प्रवास, नोटीस. त्यावरून जे पत्र तयार झाले, ते त्याने इंग्रजीत पाठवले. मराठीत त्याचा मजकूर असा:

"नमस्कार मॅडम, काल वेळ दिल्याबद्दल आभारी आहे. पुरवठादारांकडून येणाऱ्या रबरी सीलमधले दोष कमी करणे हे पहिल्या सहा महिन्यांतले मुख्य काम असेल, असे आपण सांगितलेत. सध्याच्या नोकरीत अशाच दोन तक्रारींचे मूळ कारण शोधून मी एट-डी अहवाल पूर्ण केले आहेत. एक दुरुस्ती करतो: पाच पुरवठादारांचे ऑडिट मी केले असे मी म्हणालो, पण त्यांतली दोन मी स्वतः चालवली आणि उरलेल्या तिनांत सहायक होतो. होसूर आणि छत्रपती संभाजीनगर मिळून महिन्याला सुमारे आठ दिवसांचा प्रवास मला मान्य आहे. माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे. तो रक्कम भरून कमी करता येतो का, हे नियुक्तिपत्रात पाहून शुक्रवारपर्यंत कळवतो."

दुरुस्तीच्या ओळीवर आमचा वाद झाला. आपणहून कमीपणा का घ्यायचा, असे त्याला वाटत होते. पण पुढच्या फेरीत गुणवत्ता विभागाचा प्रमुख "पाचव्या ऑडिटमध्ये काय सापडले?" असे विचारणारच, आणि तिथे अडखळण्यापेक्षा आत्ता एक वाक्य लिहिणे परवडते. अर्थात दुरुस्ती एकच असावी; तीन झाल्या, तर फोनवर हा माणूस नेमके खरे काय बोलला, असाच प्रश्न पडेल.

पगाराचा उल्लेख त्यात मी करू दिला नाही. पुण्यात रिक्रूटरच्या पहिल्या प्रश्नांतच सध्याचा सीटीसी असतो, आणि त्याने तो सांगून टाकला होता. न्यू जर्सीत १ जानेवारी २०२० पासून नोकरी देणाऱ्याला उमेदवाराचा आधीचा पगार विचारता येत नाही. उमेदवाराने आपणहून, कोणी भाग न पाडता, सांगितला तर मात्र तो विचारात घेता येतो. भारतात असे संरक्षण नसले, तरी आभाराच्या पत्रात आकडा लिहिला की वाटाघाटीची सुरुवात आपणच, ऑफर येण्याआधी, आणि तीही लेखी करून ठेवतो. दुसरी वगळलेली गोष्ट अशी: बोलण्याच्या ओघात ती बाई म्हणाली होती, की या जागेवरचा आधीचा माणूस तीन महिन्यांत सोडून गेला. माहिती महत्त्वाची आहे, आणि पुढच्या फेरीत तिच्याबद्दल जपून विचारावेही. पण विश्वासाने सांगितलेले वाक्य मेलमध्ये उतरवले, तर तो मेल विभागप्रमुखाकडे पुढे जाताना त्या बाईचीच पंचाईत होते.

माझी स्वतःची चूक याहून ढोबळ होती. इथे आल्यावर एकाच दिवशी मी दोन रिक्रूटरांशी बोलले, पत्रे रात्री लिहायला बसले, आणि एका कंपनीच्या गोदामाच्या प्रकल्पाबद्दल दुसऱ्या कंपनीला मोठ्या आस्थेने लिहून मोकळी झाले. उत्तर आले नाही, आणि ते का आले नाही हे सांगायला कोणाची गरजही नव्हती. तेव्हापासून फोन ठेवल्यावर जागचे न उठता चार ओळी लिहाव्यात, पाठवायच्या तासाभराने, असा माझा नियम आहे.

पाठवायचे कुठे, यावर आमचे एकमत झाले नाही. त्या बाईने सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर केला होता, म्हणून त्याला तिथेच लिहायचे होते. माझ्या मते मेल पुढे पाठवायला सोपा आणि महिन्याने शोधायलाही सोपा. शेवटी फोनची वेळ ठरवणारे जे मेल-आमंत्रण आले होते, त्यालाच उत्तर म्हणून त्याने पत्र जोडले, म्हणजे विषयाची ओळ आणि पदाचे नाव आपोआप तेच राहिले. पुण्यातल्या त्याच्या मित्रांना हे अजूनही फार औपचारिक वाटते, आणि तिथली रीत ते माझ्यापेक्षा जवळून जाणतात.

दुसऱ्या दिवशी तिचे दोन ओळींचे उत्तर आले. ऑडिटबद्दलची दुरुस्ती तिने आपल्या टिपणात घेतली होती, आणि प्रवास महिन्याला आठ नव्हे, बारा दिवसांचा आहे, फोनवर आपल्याकडून चुकीचे सांगितले गेले, असे तिने लिहिले होते. बारा दिवस जमतील का, हे आता तो घरी विचारतो आहे.