टीईटीचं मानसशास्त्र नुसत्या पॅटर्नवर सुटतं म्हणे

"टीईटी, सीटीईटीच्या बालमानसशास्त्र-पेडागॉजीसाठी पुस्तक उघडायची गरजच नाही. मागच्या दहा वर्षांचे पेपर आणि उत्तरतालिका घ्या, पॅटर्न आपोआप दिसतो. मुलांच्या बाजूचा गोड पर्याय बरोबर. फक्त, नेहमी, कधीच असलेला पर्याय चूक. वरील सर्व असेल तर डोळे झाकून तेच. प्रश्न फिरून फिरून तेच येतात. 30 पैकी 25 फिक्स!"

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, ती नोकरीतल्या शिक्षकांनाही लागू करणारा सुप्रीम कोर्टाचा 1 सप्टेंबर 2025 चा निकाल आल्यापासून तेही तिच्या मागे लागलेत, आणि शाळा सांभाळून अभ्यासाला वेळ कुठला, त्यामुळे असला मेसेज स्टाफरूमच्या ग्रुपवर धडाधड फिरतो. एकेक मुद्दा घेऊया.

गोड पर्याय बरोबर. चारपैकी तीन पर्यायांत शिक्षा, अपमान, घोकंपट्टी असेल तर हे चालतं, पण तसा प्रश्न सगळ्यांनाच सुटतो, तिथे पॅटर्न माहीत असून काय फायदा. खरी गंमत चारही पर्याय गोड असतात तेव्हा. हे बघा, मी बनवलेला प्रश्न आहे पण धाटणी सीटीईटीची: तिसरीतली मुलगी 42 − 17 = 35 लिहिते, 53 − 28 = 35 लिहिते. शिक्षकाने सर्वप्रथम काय करावं? (1) चूक न दाखवता प्रयत्नांचं कौतुक करावं, (2) अशीच आणखी दहा उदाहरणं सरावाला द्यावीत, (3) उत्तर कसं काढलं ते तिला सांगायला लावावं, (4) काड्यांचे गठ्ठे देऊन हातच्याची वजाबाकी पुन्हा शिकवावी. मेसेजवाल्याचं बोट 1 वर जाणार. आता तिची उत्तरं नीट बघा, 7 मधून 2 गेले 5, 4 मधून 1 गेला 3, दुसऱ्या गणितातही 8 मधून 3, 5 मधून 2. म्हणजे ती अंदाजे ठोकत नाहीये, प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचा असा तिने स्वतःचा नियम केलाय. दहा उदाहरणं दिली तर तो चुकीचा नियमच पक्का होईल. पर्याय 4 चांगला आहे पण तो नंतरचा, आधी तिच्या डोक्यात काय चाललंय ते कळायला हवं, म्हणून 3. आणि प्रश्नात "सर्वप्रथम" च्या जागी "तिची पद्धत कळल्यावर पुढे" एवढं टाकलं की उत्तर 4 होतं, पर्याय तेच, एक शब्दही न बदलता. उत्तर ठरतं प्रश्नाच्या तेवढ्या शब्दांवर आणि पॅटर्नवाला नेमके तेच वाचत नाही.

याच नियमाने लोक ऋण प्रबलनावरही आपटतात. "सगळ्यांनी गृहपाठ वेळेत आणला म्हणून बाईंनी शनिवारची जादा सरावपत्रिका रद्द केली, पुढच्या आठवड्यात गृहपाठ आणखी वेळेत यायला लागला." हे ऋण प्रबलन, नकोशी गोष्ट काढून घेतल्याने वर्तन वाढलं. पण ऋण म्हटलं की वाईट, शिक्षेसारखं काहीतरी, असं समजून निम्मे जण धन प्रबलन टिक करून मोकळे.

फक्त, नेहमी, कधीच म्हणजे चूक. बऱ्याचदा खरं, नाकारत नाही. पण "खालीलपैकी अयोग्य विधान कोणते" असं विचारलं की तोच "फक्त"वाला पर्याय उत्तर असतो आणि घाईत तो आधीच खोडलेला असतो. शिवाय काही विधानं सिद्धांतातच ठाम आहेत. पियाजेच्या मते चार अवस्थांचा क्रम सगळ्या मुलांत सारखाच असतो, मध्ये एखादी गाळून पुढे जाता येत नाही, वय तेवढं मागेपुढे होतं. पर्यायात "सर्व मुलांत" दिसलं म्हणून खोडलं की गुण गेला.

वरील सर्व असेल तर तेच. असेल तर ना! सीटीईटीत आता विधान आणि कारण या धाटणीचे प्रश्न येतात, त्यात पर्याय ठरलेले असतात, दोन्ही बरोबर, एकच बरोबर वगैरे, तिथे वरील सर्वला जागाच नाही. विधान: पाच वर्षांच्या मुलाला पसरट भांड्यातलं पाणी उंच ग्लासात ओतलं की जास्त वाटतं. कारण: या वयात प्रतीकांनी विचार करता येत नाही. विधान बरोबर. कारण चूक, कारण प्रतीकं तर याच पूर्वक्रियात्मक अवस्थेत फुलतात, काठीचा घोडा करणारं पोर तेच करत असतं. पाणी जास्त वाटतं ते एकाच बाजूकडे म्हणजे उंचीकडे लक्ष गेल्यामुळे आणि ओतलेलं मनातल्या मनात परत ओतून बघता येत नाही म्हणून. हे कुठल्या उत्तरतालिकेच्या पॅटर्नमध्ये दिसणार?

प्रश्न तेच तेच येतात. विषय तेच येतात हे मान्य. थॉर्नडाइकचे तीन नियम, कोलबर्गच्या पातळ्या, व्हायगॉट्स्कीचं झेडपीडी हे सुटत नाही. पण उत्तर तेच राहतं असं नाही, आणि दहा वर्षांचा गठ्ठा पाठ करणाऱ्याला इथेच जास्त फटका बसतो. "दिव्यांगत्वाचे कायद्यात किती प्रकार?" 1995 च्या कायद्याप्रमाणे 7, 2016 चा कायदा आल्यावर 21. "आठवीपर्यंत नापास करता येतं का?" आरटीई 2009 च्या कलम 16 मुळे जुनं उत्तर होतं "नाही". 2019 ला केंद्राने कलम बदललं, महाराष्ट्राने 2023 मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली, त्यात नापास झालं तर पुरवणी परीक्षा, तीही गेली तर मूल त्याच वर्गात. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही हे मात्र अजून कायम आहे, आणि पर्यायात या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या की भले भले गडबडतात. जुन्या सेटमध्ये कायदा किंवा धोरणाचा प्रश्न दिसला की आधी पेपरचं साल बघा, 2020 चं धोरण आल्यावर 10+2 वाली उत्तरंही 5+3+3+4 झालीत.

त्यात फिरणाऱ्या पीडीएफमधली उत्तरतालिका कुठली हे कुणी बघतच नाही. परीक्षा परिषद आधी अंतरिम सूची काढते, तिच्यावर आक्षेप येतात, मग अंतिम सूची लागते आणि त्यात काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्दही होतात. अंतरिमवरून पॅटर्न शोधणं म्हणजे परिषदेने स्वतः मागे घेतलेली चूक पाठ करणं.

30 पैकी 25 फिक्स. 25 आले तरी पेपर 150 चा आहे आणि खुल्या प्रवर्गाला 90 लागतात. आणि टीईटी ही पात्रता झाली, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरची मेरिट टेट या वेगळ्या अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर लागते, तिथे 200 पैकी 120 अभियोग्यता आणि 80 बुद्धिमत्ता, दोन तासात. तिथे हा पॅटर्न काही कामाचा नाही, वेग लागतो.

जुने पेपर सोडवू नका असं मी म्हणतच नाहीये. सोडवा, पण सालाप्रमाणे न लावता विषयाप्रमाणे लावा, प्रबलनाचे सगळे एका बैठकीत, पियाजेचे एका बैठकीत. महाटीईटी आणि सीटीईटीचे वेगळे ठेवा, कारण राज्याच्या पेपरात नाव-संकल्पना थेट विचारण्याकडे कल जास्त, सीटीईटीत वर्गातला प्रसंग जास्त. बरोबर उत्तराला टिक करून पुढे पळू नका, उरलेले तीन का चुकीचे ते प्रत्येकी एका ओळीत वहीत लिहा, आणि जिथे ओळ सुचत नाही तेवढाच धडा पुस्तकातून वाचा, अख्खं पुस्तक नको. सर्वात अलीकडचा एक पेपर मात्र न बघता ठेवून द्या, परीक्षेआधी घड्याळ लावून अडीच तासात सोडवायला. बाकी निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे हॉलमध्ये अगदीच अडलात तर "फक्त"वाला पर्याय खोडून तुक्का मारा की, रिकामा गोल कशाला सोडायचा.