प्रतिक्रियेला उत्तर: वाटीभर वरण आणि 33 ग्रॅम

प्रतिक्रिया: «हिशोब वाचून हसू आलं. तूरडाळीत 100 ग्रॅमला 22 ग्रॅम प्रोटीन असतं, हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. दीडशे ग्रॅमची वाटी म्हणजे 33 ग्रॅम. तुम्ही साडेपाच लिहिता? दाण्याचा कूट तर मोजलाच नाही. शिवाय वरण-भात एकत्र खाल्लं की प्रोटीन पूर्ण होतं, हे आपल्या आज्यांना कळत होतं. थाळीला नावं ठेवून पावडर खपवायची असेल तर तसं सरळ सांगा.»

प्रतिक्रियेबद्दल आभार. शेवटचं वाक्य गाळलं असतंत तर आभार जरा मनापासून मानले असते. मी पावडर विकत नाही, ब्लॉगवर एकही जाहिरात नाही. जन्मापासून शाकाहारी आहे. कॉलेजची वर्षं मेसच्या डब्यावर काढली आणि व्यायामही त्याच डब्यावर केला. त्यामुळे थाळीबद्दलचं प्रेम मला कोणी शिकवू नये. मतभेद असू द्या, पण हसू आलं, शाळकरी पोर, ही काय चर्चेची भाषा झाली?

कूट राहिला, मान्य. कोशिंबिरीतला चमचाभर, साधारण 10 ग्रॅम, म्हणजे अडीच ग्रॅम प्रोटीन. घातले.

आता त्या 33 ग्रॅमचं बघू. तक्त्यातले 22 ग्रॅम कोरड्या, कच्च्या डाळीचे असतात. 100 ग्रॅम कच्ची डाळ घ्या, कुकरला लावा, घोटा, फोडणी द्या, आपल्याला लागतं तितकं पाणी घाला. बेताचं पातळ वरण साधारण 600 ग्रॅम होतं, म्हणजे दीडशेच्या चार वाट्या. डाळीत होतं तेवढंच प्रोटीन या चार वाट्यांत वाटलं जातं, कारण वाढलेलं सगळं वजन पाण्याचं असतं. 22 भागिले 4. बाकी तुम्हीच करा.

यावर विश्वास बसत नसेल तर स्वयंपाकघरातला काटा काढा. मी तेच केलं होतं. भिजल्यानंतर आणि शिजल्यानंतर वजन करून तक्त्याला गुणणं ही जिमात सर्रास होणारी चूक आहे. मोड आलेली मटकी, भिजवलेले छोले, सोयाबीनच्या वड्या, सगळ्यांत तीच. वड्यांत तर फारच फसगत होते, कारण 52 टक्के हा आकडा कोरड्या वड्यांचा आहे आणि भिजल्यावर त्या कितीतरी जड होतात. वजन कोरडं करा, मग शिजवा, मग वाट्या मोजा. मेसच्या वरणाला काटा लावता येत नाही, तिथे डोळ्यांनी बघा: वरण भातावर थांबतं की ताटभर पळतं? पळणाऱ्या वरणाच्या वाटीत साडेपाचसुद्धा धरू नका. उलट तेच घट्ट घोटून वरणाचं एकूण वजन निम्मं ठेवलंत तर वाटीमागे दुप्पट मिळेल. हे मूळ लेखातही होतं, पण तिथपर्यंत तुम्ही पोचला नसाल.

आता अख्खी थाळी. प्रत्येकी 30 ग्रॅम पिठाच्या तीन पोळ्या, 10 ग्रॅम. वरण साडेपाच. 30 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, 7. वाटीभर भात, 3. लहान वाटी दही, 3. भाजी, 2. तुमच्या कुटासकट 33. गंमत बघा, तुमचा आकडा निघाला, फक्त एका वाटीत नाही, अख्ख्या ताटात.

व्यायाम करणाऱ्याने किलोमागे 1.6 ग्रॅमचं लक्ष्य ठेवलं, तर 70 किलोच्या माणसाला 112 लागतात. दोन थाळ्यांचे 66. नाश्ता आणि पेलाभर दूध मिळून 12 धरा. 78 झाले, 34 उरले. ते थाळ्या वाढवूनच भरायचे म्हटलं तर आणखी एक अख्खी थाळी, आणि एका थाळीत तेल-तुपासकट आठशेच्या वर कॅलरी असतात. वजन उतरवायला निघालेल्याने ती कुठे बसवायची? म्हणून मी लिहिलं होतं की एका जेवणात भाताऐवजी 50 ग्रॅम कोरड्या वड्यांची भाजी करा, 26 तिथेच मिळतात, आणि दुसऱ्या जेवणात एक पोळी काढून 50 ग्रॅम पनीर घ्या. काढलेला भात आणि पोळी वजा करूनही जवळपास सगळं अंतर भरतं. यात पावडर कुठे आली?

आज्यांचं म्हणणं बरोबरच आहे. तांदळात लायसीन कमी, डाळीत भरपूर, डाळीत मेथिओनीन कमी, ते तांदूळ पुरवतो. त्यामुळे प्रोटीनचा दर्जा सुधारतो, पण साडेपाच आणि 3 मिळून साडेआठच होतात. आणि आज्या 112चं लक्ष्य घेऊन जेवत नव्हत्या.

पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा. फक्त त्यात डाळ कच्ची मोजली की शिजलेली, ते आधी लिहा.