निवेदनात ‘बंद करा’ कुठे लिहिलं होतं?

काही वर्षं मी एका कंपनीच्या ग्राहक तक्रार विभागात काढली. माल परत मागवण्याची वेळ आली की वरची मंडळी निवेदनाचा पहिला परिच्छेद दहा वेळा घासूनपुसून लिहायची. ‘ग्राहकांची सुरक्षितता हे आमचं सर्वोच्च प्राधान्य’ वगैरे. इकडे फोन उचलणाऱ्यांना त्या परिच्छेदाबद्दल एकही माणूस विचारत नसे. लोक विचारायचे, माझ्या हातातली वस्तू त्यातली आहे का, आणि असेल तर आत्ता, या क्षणी, तिचं काय करू?

म्हणून बॅटरी तापून पेट घेणाऱ्या सॅमसंगच्या गॅलक्सी नोट 7 या फोनचं प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचते. फोन 19 ऑगस्ट 2016 ला बाजारात आला आणि दोनच आठवड्यांत, 2 सप्टेंबरला, कंपनीचं निवेदन आलं. त्याची चांगली बाजू आधी सांगते. 1 सप्टेंबरपर्यंत जगभरातून 35 प्रकरणं आली, दोष बॅटरीच्या सेलमध्ये आहे, विक्री थांबवली आहे, येत्या काही आठवड्यांत फोन बदलून देऊ. आकडा आहे, तारीख आहे, दोषाची जागाही आहे. ‘काही तुरळक तक्रारी’ असं गुळमुळीत लिहिणाऱ्यांपेक्षा हे कितीतरी बरं.

पण खिशात तो फोन असलेल्या माणसासाठी त्यात महत्त्वाचं वाक्यच नव्हतं. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, असं कुठेच नाही. ‘काही आठवड्यांत बदलून देऊ’ वाचल्यावर माणूस काय करणार? तोवर वापरत राहणार, रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपणार. फोन बंद करून ठेवा हा सल्ला यायला साधारण आठवडा गेला.

15 सप्टेंबरला अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची अधिकृत सूचना आली. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचा, फरक लगेच कळतो. आयोगाच्या सूचनेत अमेरिकेतले सुमारे दहा लाख फोन, बॅटरी तापल्याच्या 92 तक्रारी, त्यात भाजल्याच्या 26 आणि मालमत्तेच्या नुकसानीच्या 55 तक्रारी, असं सगळं मांडलेलं होतं. कोणते फोन? 15 सप्टेंबरच्या आधी विकलेले. काय करायचं? वापर ताबडतोब थांबवा, फोन बंद करा. मग जिथून घेतला तिथे जा, आणि वेगळ्या बॅटरीचा नवा नोट 7, पैसे परत किंवा दुसरा फोन यातलं हवं ते फुकट घ्या. भाषा अगदी रुक्ष, पण घाबरलेल्या माणसाला नेमकी तीच लागते.

आपला फोन दोषी आहे का हे बघायला त्याचा आयएमईआय क्रमांक तपासायची सोय होती. बदलून दिलेल्या फोनवर बॅटरीचं चिन्ह हिरवं दिसे, म्हणजे कुणालाही एका नजरेत खूण पटावी. ही कल्पना मला मनापासून आवडली होती. आमच्याकडे एकदा निवेदनात ‘अनुक्रमांक तपासा’ एवढंच लिहिलं होतं आणि तो क्रमांक होता वस्तूच्या तळाला, बारीक अक्षरात. दिवसभर आम्ही लोकांना फोनवर ‘आधी प्लग काढा, मग वस्तू उलटी करून बघा’ सांगत होतो. संपर्क क्रमांक छापणं सोपं असतं हो. तो उचलणाऱ्याच्या हातात यादी आहे का, आणि दुकानदाराला कुणी काही कळवलंय का, तिथे खरं घोडं अडतं.

पण या प्रकरणातली माझी खरी तक्रार ‘उपाय’ या शब्दाबद्दल आहे. बॅटरी दोन पुरवठादारांकडून येत होत्या. पहिल्याच्या बॅटरीत दोष दिसला म्हणून दुसऱ्याच्या बॅटरीचे फोन द्यायला सुरुवात झाली. मूळ कारण पूर्ण हाती लागायच्या आधीच. पुढे 23 जानेवारी 2017 ला कंपनीने तपासाचा निकाल मांडला, तोही 2 लाख फोन आणि 30 हजार सुट्या बॅटऱ्या तपासून. पहिल्या बॅटरीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ऋण इलेक्ट्रोड वाकत होता. दुसरीत वेल्डिंगच्या जागी राहिलेली धातूची टोकं आतलं आवरण भेदून जात होती. म्हणजे दोष दोन, तेही वेगवेगळे, आणि शेवट मात्र एकच: आतल्या आत शॉर्ट सर्किट.

‘तपास चालू आहे, तोवर पैसे परत घ्या’ असं लिहायला कंपन्यांना फार जड जातं. नवी वस्तू दिली की ग्राहक हातचा जात नाही ना!

5 ऑक्टोबरला अमेरिकेत लुइव्हिल विमानतळावर, उड्डाणाआधी, एका प्रवाशाच्या नोट 7 मधून धूर यायला लागला आणि विमान रिकामं करावं लागलं. त्याने सूचना पाळून सप्टेंबरमध्येच फोन बदलून घेतला होता. बॅटरीचं चिन्ह हिरवं होतं. सहा दिवसांनी, 11 ऑक्टोबरला, कंपनीने त्या फोनचं उत्पादनच कायमचं बंद केलं.