नववीच्या पालकांना पाठवायचे पत्र: ४० पैकी १३ गुण आणि पुढचे सहा आठवडे

प्रथम सत्राचे निकाल लागले की अनेक प्रगतिपुस्तकांवर ‘गणिताकडे लक्ष द्यावे’ असा शेरा पडतो. मी गणित शिकवतो आणि माझ्या मते हा शेरा पालकांच्या काहीच उपयोगाचा नाही, कारण लक्ष नेमके कशाकडे द्यायचे हे त्यात सांगितलेलेच नसते. मग पालक घाईने क्लास लावतात, तिथे पुढचा धडा सुरू होतो आणि मूळ चूक जिथल्या तिथे राहते. म्हणून यंदा अशा एका विद्यार्थ्याच्या पालकांना मी शेऱ्याऐवजी पत्र लिहिले. विद्यार्थ्याची ओळख वगळून, त्यांच्या संमतीने, ते इथे देत आहे.

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलाला बीजगणिताच्या पेपरात ४० पैकी १३ गुण मिळाले आहेत. त्याची उत्तरपत्रिका मी त्याला शेजारी बसवून पुन्हा पाहिली. गेलेल्या २७ गुणांपैकी १४ गुण अशा उदाहरणांत गेले आहेत की ज्यांत रीत बरोबर आहे, पण चिन्ह चुकले आहे. ८ गुणांची शाब्दिक उदाहरणे त्याने सोडवायलाच घेतली नाहीत. खरोखर न समजल्यामुळे गेलेले गुण फक्त ५ आहेत. त्यामुळे ‘त्याला गणित येत नाही’ हा निष्कर्ष मला मान्य नाही आणि आपणही तो त्याच्यासमोर काढू नये, अशी विनंती आहे.

एक उदाहरण देतो. प्रश्न असा होता:

(5x² + 3x − 2) − (2x² − 4x + 7)

त्याने उत्तर 3x² − x + 5 असे लिहिले. कंसाबाहेरचे वजाचे चिन्ह त्याने फक्त पहिल्या पदाला लावले आणि पुढची दोन पदे होती तशीच उतरवली. बरोबर उत्तर 3x² + 7x − 9 आहे. ही अडचण बहुपदीच्या धड्यातली आहे की त्याआधीची, हे पाहण्यासाठी मी त्याला 8 − (3 − 5) सोडवायला दिले. त्याने 0 लिहिले. उत्तर 10 यायला हवे. मात्र नुसते 3 − 5 विचारल्यावर त्याने लगेच −2 सांगितले. म्हणजे ऋण संख्या त्याला कळतात, पण कंसाआधी वजा आला की तो अडखळतो. हा भाग सातवी-आठवीतच पक्का व्हायला हवा होता, त्यामुळे नववीचा धडा पुन्हा वाचून तो सुधारणार नाही.

पुढचे सहा आठवडे त्याने शाळेच्या अभ्यासाशिवाय आठवड्यातून पाच दिवस, रोज २० मिनिटे एवढेच काम करावे. पहिले दोन आठवडे केवळ संख्यांचे कंस सोडवायचे, त्यात अक्षर एकही नको. पुढचे दोन आठवडे बहुपदींची वजाबाकी करायची, पण कंस काढल्यानंतरची पायरी न गाळता स्वतंत्र ओळीत लिहायची. सध्या तो ती पायरी मनात करतो आणि चिन्ह तिथेच हरवते. शेवटच्या दोन आठवड्यांत शाब्दिक उदाहरणे घेऊ. ती मी शाळेतच त्याच्याबरोबर सोडवीन, कारण कोरी जागा सोडण्यामागे भीती आहे की वाचनाचा वेग कमी पडतो, हे मला अजून पाहायचे आहे.

आपल्याला बीजगणित येत नसले तरी चालेल. आपण फक्त ‘ताळा दाखव’ एवढेच म्हणायचे. x च्या जागी 1 ठेवला की वरच्या प्रश्नातील पहिल्या कंसाची किंमत 6 आणि दुसऱ्याची 5 येते, म्हणून वजाबाकी 1 यायला हवी. त्याच्या उत्तरात 1 ठेवला तर 7 येतात. जुळले नाही, म्हणजे चूक आहे आणि ती त्याची त्यालाच सापडते. (1 ठेवून जुळले म्हणजे उत्तर बरोबरच असे मात्र नाही. शंका असेल तर 2 ठेवूनही पाहावे.) चुकलेले उदाहरण खोडू देऊ नका. ते वेगळ्या वहीत तसेच उतरवून, कोणत्या ओळीत चुकले तिथे त्याने खूण करावी. ती वही मी दर शनिवारी पाहीन.

या काळात नवा क्लास किंवा नवे गाईड घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन ठिकाणी दोन रीती शिकवल्या गेल्या तर आत्ता त्याचा गोंधळच वाढेल.

दर शनिवारी मी याच प्रकारची १० उदाहरणे देईन. सलग दोन शनिवारी आठ किंवा अधिक बरोबर आली तर हा भाग पक्का झाला असे धरू. चौथ्या आठवड्यापर्यंत पाचांच्या पुढे गाडी गेली नाही, किंवा फळ्यावरचे आकडे वहीत उतरवतानाच बदलत आहेत असे दिसले, तर केवळ सराव वाढवून भागणार नाही. अशा वेळी अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी लागेल आणि त्याबद्दल आपण प्रत्यक्ष भेटून बोलू. भूमितीचा पेपर मी या योजनेत मुद्दाम घेतलेला नाही. त्यातील चुका वेगळ्या आहेत आणि त्या मी सातव्या आठवड्यात हाती घेईन.